घरच्या ग्रुपवर तारीख कशी टाकायची?

ताई, “पुढच्या रविवारी जमूया” असा मेसेज गुरुवारी टाकलात, तर कुणी तीन दिवसांनी येतं, कुणी दहा. “उद्या” तर टाकूच नका. रेंज नसलेली वहिनी तो परवा वाचते. त्यापेक्षा असं लिहा:

आईकडे सगळ्यांनी जमायचं का?
अ) रविवार, १८ जानेवारी २०२६, सकाळी ११ ते दुपारी ३
ब) शनिवार, २४ जानेवारी २०२६, दुपारी ४ ते संध्याकाळी ७
गुरुवार, ८ जानेवारी, रात्री ८ पर्यंत अ, ब किंवा दोन्ही असं कळवा.

वार आणि तारीख दोन्ही हवेतच. चुकून “रविवार, १९” पडलं, तर कॅलेंडर बघून कुणीतरी लगेच टोकतं, कारण १९ ला सोमवार आहे. नुसती तारीख चुकली तर कुणालाच कळत नाही. वेळेआधी सकाळी-दुपारी लिहा. नुसत्या “७ वाजता”वर सासरची माणसं पहाटेच दारात! पर्यायांना १, २ देऊ नका, “२ चालेल” म्हणजे पर्याय की तारीख? आणि नुसता अंगठा आला तर “अ की ब?” विचारा.

ठरलं की जुना मेसेज पुढे ढकलू नका, त्यात दोन्ही तारखा असतात. नवा टाका: “ठरलं: रविवार, १८ जानेवारी, सकाळी ११.”