एमआरआयत ‘पांढरे ठिपके’ आणि ‘सिस्ट’ निघाली. अर्धशिशीच्या रुग्णांनी घाबरायचं का?

डोकं दुखतं म्हणून एमआरआय केला, रिपोर्ट मोबाईलवर आला आणि घरात रडारड सुरू झाली, असं अनेक घरांत घडतं. उदाहरण म्हणून ३८ वर्षांची एक शेतकरी महिला घेऊ. विशीपासून तिला अर्धशिशीचा, म्हणजे मायग्रेनचा त्रास. अर्धं डोकं ठणकतं, उलट्या होतात, उजेड सहन होत नाही. या वेळी दुखणं तीन दिवस थांबलं नाही म्हणून घरच्यांनी एमआरआय करून आणला. रिपोर्टमध्ये दोन गोष्टी लिहिलेल्या: ‘व्हाइट मॅटरमध्ये काही बारीक नॉनस्पेसिफिक ठिपके’ आणि ‘डाव्या बाजूला २ सेंटीमीटरची अॅरॅक्नॉइड सिस्ट, दाब नाही’. घरात एकच चर्चा, ‘मेंदूत गाठ झाली!’

आधी ठिपक्यांचं पाहू. मेंदूच्या आतल्या भागात नसांच्या तारांचे जुडगे असतात, त्याला व्हाइट मॅटर म्हणतात. तिथं पोचणाऱ्या रक्तवाहिन्या केसासारख्या बारीक असतात. त्यांचा पुरवठा कुठं थोडा कमी पडला की तेवढ्या जागी पाण्याचा अंश वाढतो आणि एमआरआयच्या काही फोटोंत ती जागा पांढरी दिसते. वय वाढेल तसे असे ठिपके निरोगी माणसांतही दिसतात. मायग्रेन असलेल्यांत, खास करून महिलांत, ते जास्त आढळतात.

ते वाढत जाऊन बुद्धी मंदावते का, हा खरा प्रश्न. नेदरलँड्समध्ये मायग्रेनच्या रुग्णांचा नऊ वर्षांनी पुन्हा एमआरआय केला गेला. २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मायग्रेन असलेल्या महिलांपैकी ७७ टक्के जणींचे ठिपके वाढले होते. पण मायग्रेन नसलेल्या महिलांतही हे प्रमाण ६० टक्के होतं. महत्त्वाचं म्हणजे, ठिपके वाढल्यामुळे स्मरणशक्ती किंवा विचारशक्ती घटल्याचं दिसलं नाही.

आता सिस्ट. अॅरॅक्नॉइड सिस्ट म्हणजे मेंदूवरच्या पातळ पडद्यात साचलेली पाण्याची पिशवी. ती कॅन्सरची गाठ नाही. बहुतेक वेळा ती जन्मापासूनच असते आणि साधारण शंभरात एखाद्याच्या डोक्यात सापडते. रिपोर्टमध्ये ‘दाब नाही’ लिहिलं असेल, तर बहुधा डोकेदुखीचं कारण ती नसते आणि ऑपरेशनही लागत नाही.

मात्र प्रत्येक सिस्ट अशी निरुपद्रवी नसते. आपल्याकडे जंताच्या अळीमुळेही मेंदूत सिस्ट होते, तिला न्यूरोसिस्टिसरकोसिस म्हणतात. त्यात झटके म्हणजे फिट येऊ शकतात आणि औषधोपचार लागतात. ‘कोलॉइड सिस्ट’ असं लिहिलं असेल, तर ती मेंदूतल्या पाण्याची वाट अडवू शकते, म्हणून न्यूरोसर्जनला दाखवावंच लागतं. त्यामुळे नुसता ‘सिस्ट’ हा शब्द बघून घाबरू नये आणि सोडूनही देऊ नये. तिचा प्रकार कोणता, जागा कुठली आणि दाब आहे का, हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारावेत.

ठिपक्यांचंही तसंच आहे. ‘डिमायलिनेशन’ किंवा ‘जुना इन्फार्क्ट’ असे शब्द असतील तर न्यूरॉलॉजिस्टचा सल्ला घ्यावा. आधी कधी एका डोळ्यानं अंधुक दिसलं असेल किंवा हातपाय अनेक दिवस बधिर राहिले असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावं. त्यावरून ठिपक्यांचा अर्थ बदलतो.

वरच्या उदाहरणातल्या महिलेला डॉक्टरांनी तपासलं. हातापायांची ताकद, तोल आणि नजर ठीक होती. बीपी मात्र १५०/९६ निघालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं तरी तेवढंच. वाढलेलं बीपी, मधुमेह आणि विडी-सिगारेट यांमुळे त्याच बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. तिचं बीपी याआधी कुणी मोजलंच नव्हतं. म्हणजे लक्ष द्यायला हवं होतं बीपीकडे, आणि घर काळजी करत होतं सिस्टची. तिला बीपीचं आणि मायग्रेनचं औषध सुरू झालं. ठिपक्यांसाठी वेगळं औषध दिलं नाही, कारण त्याची गरज नव्हती.

दर वर्षी ‘ठिपके वाढले का’ हे पाहायला एमआरआय करण्याचीही सहसा गरज नसते. पुढच्या वेळी दाखवण्यासाठी जुनी फिल्म किंवा सीडी जपून ठेवावी, एवढं पुरे.

पण रिपोर्ट काहीही असो, काही लक्षणं दिसली तर घरी थांबू नये. डोकेदुखी अचानक, क्षणात अतिशय तीव्र झाली, तापासोबत मान आखडली, फिट आली, बोलणं अडखळलं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर रुग्णाला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यावं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकं दुखू लागलं, तर तेही लवकर दाखवून घ्यावं.