गप्प बसलेला की गेलेला?

एकमेकांना जोडलेले सहा कॉम्प्युटर आहेत आणि सहाही जणांकडे एकाच बँकेच्या खात्यांची नोंद आहे. एका मशीनवर सगळा भार नको आणि एक बिघडलं तरी काम थांबू नये, म्हणून ही सहा ठिकाणची सोय. पण सहाही जण आपापल्या मनाने शिल्लक बदलू लागले तर हिशेब जुळणार नाही. म्हणून त्यांतल्या एकाला समन्वयक नेमतात. खात्यातला प्रत्येक बदल आधी त्याच्याकडे जातो, तो क्रम ठरवतो आणि बाकीचे पाच त्याप्रमाणे आपली नोंद सुधारतात. ही व्यवस्था छान चालते, पण समन्वयकच बंद पडला की प्रश्न उभा राहतो. नवा समन्वयक कोण, हे उरलेल्या पाचांनी आपापसातच ठरवायचं असतं. वरून सांगणारं कुणी नाही, आणि मध्यरात्री इंजिनियरला उठवून विचारण्याइतका वेळही नाही.

हेक्टर गार्सिया-मोलिना हे मूळचे मेक्सिकोचे संगणकशास्त्रज्ञ. प्रिन्स्टन विद्यापीठात असताना, जानेवारी 1982 मध्ये, त्यांनी या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात दोन पद्धती मांडल्या. पहिलीला त्यांनी ‘बुली अल्गोरिदम’ असं नाव दिलं. इंग्रजीत दांडगाई करणाऱ्याला बुली म्हणतात, आणि या पद्धतीत मोठ्या नंबराचा लहान नंबराला सरळ बाजूला सारतो. आजही कॉम्प्युटर इंजिनियरिंगच्या मुलांना निवडणुकीचा धडा बहुधा इथूनच शिकवतात. माझ्या मते त्या धड्यातला अर्धा भाग नीट समजतो आणि अर्धा निसटतो. नियम पाठ होतात, पण ते कशाच्या भरवशावर उभे आहेत, तिकडे लक्ष जात नाही.

आधी नियम. प्रत्येक मशीनला एक कायमचा नंबर असतो आणि सगळ्यांचे नंबर सगळ्यांना माहीत असतात. जिवंत असलेल्यांत ज्याचा नंबर सर्वांत मोठा तो समन्वयक. म्हणजे इथे मतदान नाही, उमेदवारी नाही. आपल्यापेक्षा मोठा कुणी जागा आहे का, एवढंच शोधायचं असतं.

आपल्या सहांत सहा नंबर समन्वयक होता आणि तो बंद पडला. तीन नंबरने त्याच्याकडे एक बदल पाठवला, उत्तर आलं नाही, म्हणून त्याने निवडणूक सुरू केली. तो आपल्यापेक्षा मोठ्या तिघांना, म्हणजे चार, पाच आणि सहाला, ‘निवडणूक’ असा संदेश पाठवतो. एक आणि दोनला तो विचारतच नाही, कारण ते लहान आहेत. चार आणि पाच जागे असल्यामुळे दोघेही ‘मी आहे’ असं उत्तर देतात. तेवढ्याने तीनचं काम संपलं. आपल्यापेक्षा मोठा कुणीतरी आहे हे कळलं, आता निकालाची वाट पाहायची. इकडे चार स्वतःची चौकशी सुरू करतो आणि पाच व सहाला विचारतो. पाच त्यालाही ‘मी आहे’ म्हणून गप्प करतो. पाच फक्त सहाला विचारतो, ठरलेला वेळ थांबतो, उत्तर येत नाही. मग तो एक, दोन, तीन आणि चारला कळवतो की आता मी समन्वयक.

संदेश मोजू. तीनचे तीन, त्यांना आलेली दोन उत्तरं, चारचे दोन, त्याला आलेलं एक उत्तर, पाचचा एक प्रश्न आणि शेवटच्या चार घोषणा, असे एकूण 13. सहा बंद असल्याचं पाचच्याच आधी लक्षात आलं असतं तर एक प्रश्न आणि चार घोषणा, म्हणजे पाचांत काम झालं असतं. आणि ते सर्वांत लहान, एक नंबरच्या लक्षात आलं असतं तर? तो पाच जणांना विचारतो, दोन चौघांना, तीन तिघांना, अशी साखळी लागते आणि आकडा 29 वर जातो. सहा मशीनना 29 संदेश म्हणजे काहीच नाही. पण मशीन दुप्पट केली की सर्वांत वाईट प्रसंगातले संदेश साधारण चौपट होतात, त्यामुळे शेकडो मशीनच्या जाळ्यात ही पद्धत जशीच्या तशी परवडत नाही.

मध्येच काही बिघडलं तर त्याचीही तरतूद आहे. समजा ‘मी आहे’ म्हटल्यावर, पण घोषणा करण्याआधी, पाचही बंद पडला. तीन आणि चार घोषणेची वाट पाहत राहतील. म्हणून त्यांच्या वाट पाहण्यालाही मुदत असते. मुदत टळली की पुन्हा पहिल्यापासून निवडणूक, आणि या खेपेला चार जिंकतो.

नियमांतला खरा नाजूक शब्द ‘ठरलेला वेळ’ हा आहे. पाचने सहासाठी किती थांबायचं? संदेश पोचायला जास्तीत जास्त 50 मिलिसेकंद लागतात आणि तो वाचून उत्तर तयार करायला जास्तीत जास्त 100, असं धरू. जायचे 50, यायचे 50 आणि मधले 100, म्हणजे 200 मिलिसेकंदांत उत्तर आलंच पाहिजे. नाही आलं तर सहा नक्की मेला. या हिशेबाने तीनने सुरू केलेली निवडणूक जास्तीत जास्त 400 मिलिसेकंदांत, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत संपते. गणित बिनचूक आहे. मात्र त्यातल्या ‘जास्तीत जास्त’ या शब्दांची हमी कोण देणार? आपण एखाद्याला फोन लावला आणि त्याने उचलला नाही, तर तो घरात नाही, झोपला आहे की गाडीच्या आवाजात त्याला रिंग ऐकू आली नाही, हे आपल्याला इकडून कळत नाही. पाचची अवस्था तीच आहे.

गार्सिया-मोलिनांनी हे झाकून ठेवलेलं नाही, आणि म्हणूनच त्यांचा निबंध मला फार मोलाचा वाटतो. बुली पद्धत सांगण्याआधी त्यांनी गृहीतकं एकेक करून लिहून काढली आहेत. संदेशांची वाहतूक कधी बिघडत नाही आणि संदेश ठराविक वेळेत पोचतोच, हे त्यांतलं एक. दुसरं असं, की चालू असलेलं मशीन मध्येच थबकत नाही, आलेल्या संदेशाला लगेच उत्तर देतं. ही दोन खरी असतील तर गप्प राहिलेला म्हणजे मेलेला, आणि पद्धत कधीही चुकत नाही. खऱ्या डेटा सेंटरमध्ये मात्र दोन्ही मोडतात.

आधी थबकण्याचं पाहू. जावामध्ये लिहिलेला मोठा प्रोग्राम अधूनमधून आपल्या मेमरीतला कचरा साफ करतो आणि काही वेळा त्यासाठी सगळं काम थांबवतो. समजा सहा नंबर एक नोंद लिहिण्याच्या बेतात असताना असा तीन सेकंद थांबला. 200 मिलिसेकंदांची मुदत केव्हाच उलटली, निवडणूक झाली आणि पाच समन्वयक झाला. तीन सेकंदांनी सहा जागा होतो. आपण थांबलो होतो हे त्याला ठाऊकच नाही, कारण त्याच्या लेखी मधला वेळ गेलेलाच नाही. तो हातातली नोंद पुरी करतो आणि ती सगळ्यांकडे पाठवून देतो. त्या क्षणी दोन समन्वयक हुकूम देत असतात.

वाहतूक तुटली तर प्रकार आणखी वाईट. एक, दोन, तीन एका खोलीत आणि चार, पाच, सहा दुसऱ्या खोलीत आहेत, आणि मधली केबल तुटली असं समजा. पलीकडच्या खोलीत सहा नेहमीसारखा समन्वयक आहे. अलीकडे तीन विचारतो, चार, पाच, सहा कुणीच बोलत नाही, म्हणून तो नियमाप्रमाणेच स्वतःला समन्वयक जाहीर करतो. कुणाचंच काही चुकलेलं नाही. खात्यात 5,000 रुपये होते, त्यातले 4,000 अलीकडच्या खोलीतून काढले गेले आणि 4,000 पलीकडच्या. केबल जोडल्यावर कळतं की 5,000 मधून 8,000 गेले. असं झालं की एकाच क्षणी दोन मशीन स्वतःला समन्वयक म्हणवताना लॉगमध्ये दिसतात, किंवा एकाच नोंदीच्या दोन वेगळ्या किमती सापडतात. सापडतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

निबंधातली दुसरी पद्धत याच परिस्थितीसाठी आहे. तिच्यात जाळ्याचे तुकडे होणार हे धरूनच चालतात. प्रत्येक तुकड्याचा आपला समन्वयक असू शकतो, आणि संपर्क परत आला की एक गट दुसऱ्याला निमंत्रण देऊन सामावून घेतो. शिकवताना हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो. माझ्या मते तो गाळू नये, कारण तो शेजारी ठेवला तरच पहिल्या पद्धतीची मर्यादा दिसते.

आणखी एक अडचण दांडगाईतूनच येते. सहा दुरुस्त होऊन परत आला की नियमाप्रमाणे तोच सर्वांत मोठा, म्हणून तो लगेच निवडणूक लावतो आणि पाचकडून काम काढून घेतो. पाच व्यवस्थित काम करत असला तरी. सहाचा बिघाड पुरता गेला नसेल आणि तो दर काही मिनिटांनी बंद-चालू होत असेल, तर प्रत्येक वेळी दोन निवडणुका होतात, आणि तेवढा वेळ सगळ्यांचं काम खोळंबतं. शिवाय सहाकडची नोंद तो बंद पडला तेव्हाची, शिळी असते. मूळ निबंधात म्हणूनच निवडून येणं आणि कामाला लागणं यांच्यात एक फेररचनेचा टप्पा ठेवला आहे. नवा समन्वयक आधी सगळ्यांना थांबवतो, मग कामाची नवी आखणी वाटतो, आणि त्यानंतरच सगळे पूर्ववत सुरू होतात.

आजच्या डेटाबेसमध्ये मोठ्या नंबराचा मान उरला आहे, पण त्याला लगाम घातला आहे. मोंगोडीबीत प्रत्येक मशीनला प्राधान्याचा आकडा देता येतो आणि जास्त आकड्याचं मशीन परत आलं की तेच पुन्हा प्रमुख होऊ पाहतं. मात्र त्याआधी त्याला राहिलेल्या नोंदी भरून घ्याव्या लागतात आणि बहुमत मिळवावं लागतं. आपल्या सहांत बहुमत म्हणजे चार. केबल तुटल्यावर दोन्ही खोल्यांत तीन-तीनच उरतात, त्यामुळे अलीकडचा तीन निवडून येऊ शकत नाही आणि पलीकडच्या सहालाही पायउतार व्हावं लागतं. केबल जोडेपर्यंत कुणालाच पैसे काढता येत नाहीत, ही त्याची किंमत. म्हणून मतदार मशीन विषम संख्येने ठेवतात. पाच असती तर एका बाजूला तीन राहिली असती आणि तिथलं काम चालू राहिलं असतं.

मुदतीचा प्रश्न मात्र बहुमतानेही मिटत नाही. मोंगोडीबीत ती electionTimeoutMillis या नावाने ठरवतात आणि ती आपण बदलली नाही तर 10,000, म्हणजे दहा सेकंद असते. ती कमी केली तर तीन सेकंद थबकलेलं मशीनही मेलेलं ठरतं आणि उगाच निवडणुका होतात. वाढवली तर प्रमुख खरोखर गेला असताना तेवढा वेळ नवी नोंद थांबते. झोपून उठलेल्या सहासाठी वेगळा उपाय आहे. प्रत्येक निवडणुकीला चढता क्रमांक देतात. सातव्या निवडणुकीत प्रमुख झालेला सहा जागा होऊन आपली नोंद पाठवतो, तेव्हा बाकीचे आठव्या निवडणुकीत पोचलेले असतात. सात हा आकडा पाहून ते ती नाकारतात, आणि आपली सत्ता गेली हे सहाला त्या नकारातूनच कळतं. त्याने एकट्यानेच लिहून ठेवलेल्या नोंदी मागे घेऊन वेगळ्या फाइलमध्ये ठेवल्या जातात. त्यांचं काय करायचं, हे मग माणसाने पाहायचं असतं.