खत काढल्यावर मानेवर फोड्या का येतात? केस आत वळण्याचा त्रास आणि त्यावरचा इलाज

मुलाच्या मानेवर, जबड्याच्या खाली लाल फोड्या दिसल्या की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "गरमी निघतेय." मग कुणी कडुलिंब सुचवतं, कुणी मेडिकलमधून मलम आणून देतं. पण फोड्या नेमक्या खत काढलेल्या जागीच असतील, वस्तरा फिरल्यावर दोन-तीन दिवसांत वाढत असतील आणि दाढीचे केस कुरळे व जाड असतील, तर त्याचा रक्ताशी किंवा गरमीशी संबंध नसतो. तो केसाच्या वळणाचा प्रश्न असतो. डॉक्टरी भाषेत याला स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी म्हणतात.

आता हे होतं कसं ते पाहू. सरळ केस त्वचेतून बाहेर पडतो आणि पुढे वाढत जातो. कुरळ्या केसाचं मूळच त्वचेच्या आत वाकडं असतं. वस्तऱ्याने तिरपा कापला गेला की त्याचं टोक सुईसारखं अणकुचीदार होतं. एक-दोन मिलिमीटर वाढला की तो कमानीसारखा वळतो आणि शेजारच्या त्वचेत परत घुसतो. दुसरा प्रकार याहून त्रासदायक आहे. कातडी ताणून धरून, उलटा हात मारून दाढी केली की केस त्वचेच्या पातळीच्याही खाली कापला जातो. कातडी सोडली की तो आत जातो आणि बाहेर न येता आतल्या आत बाजूला शिरतो. दोन्ही वेळा शरीर त्या केसाला काटा समजतं. काटा रुतल्यावर जशी सूज येते, लाली येते, कधी पू होतो, तसंच इथे होतं. म्हणजे सुरुवात जंतूंपासून होत नाही. जंतू आलेच तर नंतर येतात.

आपल्याकडे दाढी राखणाऱ्यांनाही हा त्रास होतो, कारण दाढी ठेवली तरी गाल आणि मान साफ केली जाते. मानेवर केस एका दिशेने उगवत नाहीत. कुठे खाली, कुठे वर, तर कुठे भोवरा असतो. म्हणून फोड्या बहुतेक वेळा मानेवरच जास्त दिसतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, पंचवीस वर्षांचा एक तरुण दर जुम्याला सकाळी सलूनमध्ये खत काढतो. कारागीर आधी सुलटा आणि मग साफ दिसावं म्हणून उलटा हात मारतो. वरून तुरटी आणि आफ्टरशेव्ह. रविवारपर्यंत मान खाजते, फोड्या येतात, आणि त्या खरवडल्यामुळे काळे डाग पडतात. निकाहला सहा आठवडे उरलेत. तेवढ्या वेळात काय करता येईल?

पहिले चार आठवडे मानेवर आणि गालावर ब्लेड अजिबात लावायचं नाही. यामागे हिशोब आहे. दाढीचा केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. तेवढा लांब झाला की आत रुतलेलं टोक केसाच्याच ताणाने, स्प्रिंगसारखं, आपोआप सुटून बाहेर येतं. फार अस्ताव्यस्त वाटलं तर कात्रीने कापावं, पण केस अर्धा सेंटीमीटर तरी ठेवावा. पहिल्या आठवड्यात त्रास कमी होण्याऐवजी वाढल्यासारखा वाटतो, कारण अर्धवट वाढलेले केस अजून आत घुसत असतात. इथेच बहुतेक जण धीर सोडून पुन्हा वस्तरा लावतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

या काळात रोज कोमट पाण्याचा कपडा पाच-दहा मिनिटं मानेवर ठेवावा. वुजूनंतर मान टॉवेलने घासू नये, टिपून घ्यावी. केसाची कमान वरून स्पष्ट दिसत असेल तर स्पिरिटने पुसलेल्या सुईने ती हलकेच उचलून टोक मोकळं करावं. चिमट्याने केस उपटू मात्र नये. उपटलेल्या केसाच्या जागी नवा येणारा केस पुन्हा आतच भोसकण्याची भीती असते.

पाचव्या आठवड्यात नव्या फोड्या थांबल्या असतील तर ट्रिमर वापरावा, पण एक मिलिमीटर केस शिल्लक राहील असा. कारागिराला स्पष्ट सांगावं : "भाई, मानेवर वस्तरा नको, झिरो नको, एक नंबरचा गार्ड लावा." निकाहच्या आदल्या दिवशीसुद्धा हाच नियम. लांबून खत व्यवस्थित दिसतं आणि फोटोत सुजलेली मान येत नाही. काळे डाग मात्र सहा आठवड्यांत जात नाहीत. ते फिके व्हायला काही महिने लागतात, आणि नव्या फोड्या थांबल्या तरच ते फिके होतात.

ब्लेडशिवाय चालणारच नसेल तर एकाच पात्याचा रेझर घ्यावा. तीन-चार पात्यांचा रेझर केस ओढून खोल कापतो, म्हणून कुरळ्या केसांना तोच जास्त बाधतो. अंघोळीनंतर फेस लावून पाच मिनिटं थांबावं, कातडी ताणू नये, केसाच्या दिशेने एकदाच हात फिरवावा. तुरटीने किरकोळ रक्त थांबतं, पण रुतलेला केस त्याने बाहेर येत नाही. ताज्या दाढीवर अत्तर लावलं तर जळजळ वाढू शकते. ते कपड्याला लावावं.

मेडिकलमधून विचारून आणलेल्या मलमांपासून सावध राहा. स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली मलमं दोन दिवसांत लाली घालवतात, म्हणून ती आवडतात. पण ती आठवडेच्या आठवडे लावली तर कातडी पातळ होते आणि थांबवल्यावर त्रास उसळतो. त्वचेचे डॉक्टर गरजेप्रमाणे रात्री लावायचं अ‍ॅडापलीन, पू असेल तर बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा क्लिंडामायसिन देतात, आणि सौम्य स्टिरॉइड थोडेच दिवस देतात. वारंवार त्रास होत असेल तर लेझरचा पर्याय आहे. सावळ्या त्वचेसाठी एनडी-याग लेझर जास्त सुरक्षित मानतात. पण त्याने केस कायमचे विरळ होतात. त्यामुळे दाढीची हद्द कुठपर्यंत ठेवायची हे आधी ठरवूनच फक्त मानेच्या भागावर ते करावं.

हा त्रास आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत सर्वात जास्त दिसतो, आणि अमेरिकेत तो कोर्टापर्यंत गेला आहे. न्यूअर्क शहराच्या पोलीस खात्यात दाढीला बंदी होती, पण या आजाराच्या पोलिसांना सूट मिळत असे. दोन मुस्लिम पोलिसांनी विचारलं की आजारासाठी सूट आहे, मग दीनसाठी का नाही? 1999 मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. वस्तरा थांबवणं हाच यावरचा खात्रीचा इलाज आहे, म्हणून तर ती वैद्यकीय सूट होती.

शेवटी एक फरक लक्षात ठेवा. गोल चकत्या पडून कडेला कोंडा दिसत असेल, किंवा केस सहज गळून येत असतील, तर ती बुरशी असू शकते. फोडी कडक गाठ बनून वाढत राहिली, दुखरी सूज पसरली किंवा ताप आला, तर घरचे उपाय थांबवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.