विहिरीत समुद्र किती आला?

अलिबाग, रेवदंडा, मुरूडच्या बाजूला नारळी-पोफळीच्या वाडीतली विहीर मे महिन्यात मचूळ लागायला लागली, की घरातली जाणती माणसे दोन गोष्टी सांगतात. एक, ‘पाऊस पडला की गोडी येईल.’ दुसरी, ‘समुद्र आत शिरला.’ दोन्ही खऱ्या असू शकतात आणि दोन्ही खोट्याही. पावसाने सुधारणारी विहीर आणि कायमची बिघडत चाललेली विहीर मे महिन्यात जिभेला सारखीच लागते. त्यातून जीभ फार उशिरा बोलते. पाण्यात क्लोराइड लिटरला साधारण अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास पोहोचेपर्यंत बहुतेकांना खारटपणा कळतच नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 19,000 मिलिग्रॅम क्लोराइड असते. म्हणजे तोंडाला चव कळते तेव्हा विहिरीतल्या प्रत्येक शंभर लिटरांत जवळजवळ एक लिटर समुद्र आधीच मिसळलेला असतो.

हे मिसळणे वेळेत ओळखायचे तर दोन साधी मोजमापे लागतात: पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे बोलीभाषेतली ‘ईसी’, आणि क्लोराइड. पण ती दोन्ही एकाच नमुन्यावर घ्यावी लागतात आणि मोसमभर घेत राहावे लागते.

आधी समुद्र आत येतो कसा ते पाहू. किनाऱ्याच्या वाळूत आणि खडकांच्या भेगांत पावसाचे गोडे पाणी हलके म्हणून वर राहते, खारे पाणी जड म्हणून त्याच्याखाली. डच लष्करी अभियंता बाडोन घायबेन याने 1880च्या दशकाच्या अखेरीस आणि जर्मनीच्या हर्झबर्गने 1901 साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, याचा हिशेब मांडला. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण चाळिसाव्या हिश्शाने जड असते. त्यामुळे भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल, तर गोड्या पाण्याचा थर समुद्रसपाटीखाली सुमारे चाळीस मीटर जातो. ही झाली चांगली बाजू. वाईट बाजू अशी, की उपशाने वरची पातळी अर्धा मीटर उतरली आणि तशीच राहिली, तर खालची खारी सीमा वीस मीटर वर सरकू पाहते. कोकणातला बेसाल्ट काही एकसारखी वाळू नाही, तिथे पाणी भेगांच्या वाटेने चालते. म्हणून हे गणित तिथे मीटरला मीटर जुळत नाही. पण कल तोच असतो. रहाटाने दिवसभर ओढले जाणारे पाणी तीन अश्वशक्तीचा पंप थोड्या वेळात उपसतो, आणि विहिरीच्या तळाखालचे खारे पाणी त्या ओढीने सुळक्यासारखे वर चढते.

ईसी मोजणे सोपे आहे. पेनाएवढे यंत्र पाण्यात बुडवले की आकडा दिसतो. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी वीज सहज वाहते. हा आकडा मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटरमध्ये असतो. कोकणातल्या चांगल्या विहिरीत तो काही शेकड्यांत राहतो, समुद्रात पन्नास हजारांच्या घरात. वाहकता तापमानामागे धावते, दर अंशाला सुमारे दोन टक्के. म्हणून यंत्र आकडा 25 अंशांवर आणून दाखवते की नाही हे आधी पाहून घ्यावे. 1413चे प्रमाण द्रावण बाजारात मिळते. मोसमाच्या सुरुवातीला आणि अधूनमधून यंत्र त्यात बुडवून पाहिले नाही, तर दर महिन्याला चढणारा आकडा विहिरीचा की थकलेल्या यंत्राचा हे कळायला मार्ग उरत नाही. स्वस्त पेने ‘टीडीएस’ दाखवतात. तो आकडा ईसीलाच अर्ध्या किंवा पाऊण पटीच्या आसपास कुठेतरी गुणून काढलेला असतो आणि प्रत्येक कंपनीची पट वेगळी. मोसमभर तुलना करायची असेल तर टीडीएसच्या नादी न लागलेले बरे.

ईसीची खरी अडचण वेगळीच आहे. तिला क्षार किती हे कळते, कोणते हे कळत नाही. शेणखताचा खड्डा, युरिया, शौचालयाचा शोषखड्डा, चुनखडीयुक्त जमीन, सगळे तिच्या लेखी सारखेच. म्हणून क्लोराइड. हे मोजायची जुनी पद्धत अजूनही चालते. 50 मिलिलिटर पाण्यात पोटॅशियम क्रोमेटचे थोडे थेंब टाकले की पाणी पिवळे होते. मग वरून सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण थेंबथेंब सोडायचे. जोवर क्लोराइड शिल्लक आहे तोवर पांढरा साका बसत राहतो. ते संपले की पुढचा थेंब पिवळ्या पाण्याला विटकरी झाक देतो, आणि तिथेच थांबायचे. प्रमाणित 0.0141 नॉर्मल द्रावण वापरले, तर लागलेल्या मिलिलिटरना दहाने गुणले की लिटरमागचे मिलिग्रॅम मिळतात. शुद्ध पाण्यावर हीच कृती करून येणारा किरकोळ आकडा आधी वजा करायचा असतो. शेतकऱ्याने हे घरी करावे असे नाही, जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत ते नित्याचे काम आहे. पण ‘क्लोराइड 255’ हा आकडा कुठून येतो ते ठाऊक असलेले चांगले.

आता दोन विहिरी समोर ठेवू. आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत, पण त्यांची चाल खऱ्या विहिरींसारखी आहे.

पहिली विहीर किनाऱ्यापासून दीडशे मीटरवर. नोव्हेंबरात तिची ईसी 620 आणि क्लोराइड 70. जानेवारीत 760 आणि 110. मार्चमध्ये 1240 आणि 255. मे अखेरीस 2300 आणि 575. दुसरी विहीर गावाच्या आतल्या अंगाला, गोठ्याशेजारी. नोव्हेंबरात ईसी 700, क्लोराइड 75. मे महिन्यात ईसी 1450, क्लोराइड 95.

नुसती ईसी पाहिली तर दोन्ही विहिरी ‘खाऱ्या होत चालल्या’ असा निकाल निघेल. पण वाढ किती झाली ते जोडीने पाहा. समुद्राचे पाणी थोड्या प्रमाणात मिसळते तेव्हा ईसी शंभराने वाढली, की क्लोराइड साधारण तिसाने वाढते. पहिल्या विहिरीत ईसी 1680ने वाढली, क्लोराइड 505ने. शंभराला तीस, नेमके समुद्राचे प्रमाण. शिवाय जानेवारी, मार्च, मे या प्रत्येक टप्प्यावर तेच प्रमाण टिकले आहे. दुसऱ्या विहिरीत ईसी 750ने वाढली आणि क्लोराइड जेमतेम वीसने. समुद्र आला असता तर क्लोराइड सव्वादोनशेने चढायला हवे होते. इथे समुद्राचा संबंध नाही. गोठा, खत किंवा जमिनीतला चुना, यांपैकी कोण ते नायट्रेट आणि बायकार्बोनेटच्या तपासणीत कळेल. या विहिरीचा उपसा बंद करून काही साधणार नाही, शेणाचा खड्डा हलवून कदाचित साधेल.

पहिल्या विहिरीत समुद्र किती हेही काढता येते. वाढलेले 505 क्लोराइड भागिले समुद्र आणि मूळ विहीर यांतला फरक, म्हणजे जवळजवळ 18,930. उत्तर 2.7 टक्के. शंभर लिटरमागे पावणेतीन लिटरच्या आत. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण कांद्याला ते चालत नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या कोष्टकानुसार पाण्याची ईसी 800च्या आत असेल तोवर कांद्याचे पूर्ण पीक येते, 1200ला सुमारे दहा टक्के घट आणि 1800ला पाव पीक जाते. म्हणजे याच विहिरीवर जानेवारीपर्यंत कांदा निर्धास्त भिजवता येतो, मार्चच्या पाळीला तोटा सुरू होतो. नारळ याहून खारट पाणी सोसतो, तो मेमध्येही तग धरेल. पिण्यासाठी भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा 250 आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 1000. मार्चमध्येच पहिली ओलांडली गेली.

हे सगळे नमुना नीट घेतला तरच. पंप सुरू करण्यापूर्वी घेतलेले पाणी आणि दोन तास उपसल्यावर घेतलेले पाणी यांत दुपटीचा फरक पडू शकतो. तो फरक ही चूक नसून माहिती आहे. उपशाबरोबर ईसी चढत जात असेल, तर खारे पाणी खालून वर येते आहे. म्हणून दोन्ही नमुने घ्यावेत, पण वहीत वेगवेगळ्या रकान्यांत. खाडीकाठच्या विहिरीत भरती-ओहोटीही आकडा हलवते. कोळीवाड्यात उधाण आणि भांग कोणत्या तिथीला असतात हे कोणीही सांगेल. दर महिन्याला तीच तिथी आणि भरतीची तीच वेळ धरली की हा गोंधळ मिटतो. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, आणि नमुन्याआधी काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहायचे. पातळीशिवाय ईसीचा आकडा अर्धवटच.

दोन फसवे प्रसंगही असतात. पहिल्या सरींनंतर काही विहिरींची ईसी उतरण्याऐवजी चढते, कारण उन्हाळाभर जमिनीच्या वरच्या थरात साठलेले क्षार पाण्याबरोबर खाली झिरपतात. जूनच्या आकड्यावरून निकाल देऊ नये. दुसरा प्रसंग खारभूमीतला. बांधाला खांड जाऊन किंवा उघाडीची फळी निसटून उधाणाचे पाणी शेतात घुसले, तर विहीर वरून खारावते. तेव्हा क्लोराइड ऐन पावसाळ्यातही एका उडीत चढते, हळूहळू नाही. प्रमाण इथेही शंभराला तीसच दिसेल, कारण पाणी समुद्राचेच. पण उपाय बांध दुरुस्त करण्याचा आहे, पंप बंद करण्याचा नव्हे. भेद फक्त तारीख सांगते.

बहुतेक लोक मे महिन्यातला आकडा पाहून घाबरतात. खरे तर जास्त बोलका असतो नोव्हेंबरचा. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरल्यावरही विहिरीत जे क्लोराइड उरते, ते मागच्या उन्हाळ्याचे न फिटलेले देणे. मे महिन्यात 575 आणि पुन्हा नोव्हेंबरात 70 असे दरवर्षी होत असेल, तर समुद्र ऋतूपुरता येतो आणि जातो. नोव्हेंबरचा आकडा 70, 105, 160 असा वर्षागणिक चढत असेल, तर तो मुक्कामाला आला आहे.

अशा वेळी विहिरीच्या मालकाला सर्वांत आधी सुचते ते विहीर खोल करणे किंवा शेजारी बोअर मारणे. किनाऱ्यावर हाच सर्वांत महागात पडणारा उपाय, कारण खाली गोडे पाणी नाही, समुद्र आहे. उलट फुटबॉल वर घ्यावा, पंपाची ताकद कमी करावी, एकदम चार तास उपसण्याऐवजी सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे उपसावे, आणि पावसाचे पाणी वाडीतच मुरवावे. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत क्लोराइड तपासून मिळते. वर्षात एकच नमुना देणे जमणार असेल तर तो मे महिन्यात नव्हे, नोव्हेंबरात द्यावा, आणि त्याच बाटलीतल्या पाण्याची ईसीही मागून घ्यावी.