मालवण किनारी मातीकामाचे दोन दिवस

चार चाकांवर दोघादोघांनी आळीपाळीने बसावे या हिशेबाने मालवणच्या कुंभाराकडील या शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत आठच जागा ठेवल्या असून, १,२०० रुपये शुल्कात प्रत्येकी पाच किलो मळलेली माती, लाकडी थापी, कापायची तार, स्पंज आणि भट्टीत भांडे पक्के करण्याचा खर्च येतो. नवशिक्यांना हाताने घडवलेली पणती रविवारी कच्चीच नेता येते. चाकावरचे वाडगे मात्र पंधरा दिवसांनी भाजून मिळते, कारण किनाऱ्याच्या दमट हवेत माती सावकाश सुकते आणि आत ओल राहिली तर तिची वाफ होऊन भांडे भट्टीत फुटते. गालाला लावल्यावर भांडे गार लागले, तर ओल अजून गेलेली नाही असे समजावे. सुकताना व भाजताना माती साधारण दशांशाने आकसत असल्याने वाडगे थोडे मोठेच घडवणे इष्ट ठरते.