टसरचा ब्लाउज: शिवण आणि इस्त्री

विदर्भातल्या करवती साडीच्या टसरचा ब्लाउज शिवताना पहिली अडचण शिवणीची असते. सैल विणीच्या टसरमध्ये ताण आला की धागे टाक्यापासून सरकतात आणि शिवणीशेजारी जाळी दिसू लागते. म्हणून आधी कापडाच्या तुकड्यावर शिवण घालून ती दोन्ही बाजूंनी ओढून पाहावी. फट पडली, तर ब्लाउज अंगासरशी घट्ट बेतू नये. टसरच्या प्रत्येक भागाला सुती मलमलचे अस्तर आधी कच्च्या टाक्याने जोडावे आणि मग दोन्ही मिळून एकच कापड समजून शिवावे. ताण मलमल घेते. शिवणीच्या आत दोन सेंटीमीटर कापड ठेवावे, सुई नवी, 11 नंबरची घ्यावी. टाचण्या शिवणीच्या आतल्या कापडातच लावाव्यात, कारण त्यांची भोके राहू शकतात.

तुतीचे रेशीम बहुधा घट्ट विणीचे असते. तिथे जास्त भीती पाण्याच्या डागाची. थेंब पडला की कापडातली खळ किंवा उरलेला रेशमी डिंक कडेला सरकतो आणि वाळल्यावर वर्तुळ उमटते. त्यामुळे पाणी शिंपडू नये. वाफेची इस्त्रीही थेंब गाळते.

दोन्ही कापडांना उलट बाजूने, वर कोरडी मलमल टाकून, मंद आचेची कोरडी इस्त्री करावी. ती घासू नये, ठेवावी, उचलावी. जोर दिला तर टसरचा खडबडीत पोत चेपून चकाकतो, आणि ती चकाकी सहसा जात नाही.