रबर लवचीक असतं, सील नसतं

साखर कारखान्यातल्या कंडेन्सेट पंपाचा कपलिंग गार्ड काढला की बेसवर कधी कधी काळी भुकटी पडलेली दिसते. हा स्पायडरच्या रबराचा चुरा असतो. फिटर नवा स्पायडर बसवतो आणि काही दिवसांत भुकटी परत पडते. दोष बहुतेक वेळा रबराचा नसतो. मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत नसतात. १५ किलोवॅटची, १४६० आरपीएमची मोटर आणि गरम पाण्याचा पंप अशी एक जोडी धरून यामागचे चार गैरसमज पाहू.

गैरसमज १ : फ्लेक्झिबल कपलिंग आहे, थोडं इकडेतिकडे चालतं.

वस्तुस्थिती : कॅटलॉगमध्ये दिलेली सूट कपलिंगपुरती असते. तेवढं हुकलं तरी कपलिंग टिकेल, इतकाच तिचा अर्थ. शाफ्ट समांतर सरकलेले असोत वा कोनात असोत, प्रत्येक फेऱ्यात रबर दाबलं जातं आणि उलट शाफ्टला ढकलतं. तो जोर बेअरिंग आणि मेकॅनिकल सील सोसतात. म्हणून कपलिंगला ०.३ मिमी चालत असलं तरी १५०० आरपीएमच्या आसपास शाफ्टमधला फरक ०.०६ ते ०.०९ मिमीच्या आत आणतात. पट्टी लावून एवढं बारीक कळत नाही. त्यासाठी डायल गेज लागतो. दोन्ही शाफ्ट एकत्र फिरवून वरचं आणि खालचं रीडिंग घ्यायचं आणि त्यातल्या फरकाचं निम्मं धरायचं. डायलवर ०.३० चा फरक आला तर शाफ्ट ०.१५ मिमी हुकलेले असतात.

गैरसमज २ : सेट कारखान्यातूनच अलाइन होऊन आला आहे.

वस्तुस्थिती : बेस फ्रेम वाहतुकीत आणि फाउंडेशन बोल्ट आवळताना वाकते. त्यामुळे ग्राउटिंग झाल्यावर अलाइनमेंट पुन्हा करावीच लागते. त्याआधी मोटरचे पाय तपासा. सगळे बोल्ट आवळून एकेक सैल करा. तो पाय डायलवर ०.०५ मिमीहून जास्त उचलला गेला, तर त्याखाली शिम हवी. शेवटी पाइपलाइन जोडताना डायल शाफ्टवर ठेवा. फ्लँजचे बोल्ट आवळताच काटा हलला तर पाइप पंपाला ओढतोय. अशा वेळी मोटर सरकवून उपयोग नाही, पाइपच सरळ करावा लागतो.

गैरसमज ३ : थंड असताना शून्य जुळलं की काम झालं.

वस्तुस्थिती : ओतीव लोखंड दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०११ मिमी वाढतं. आपल्या पंपाचा शाफ्ट पायापासून २०० मिमी उंच आहे आणि त्याखालचा भाग सरासरी ६० अंशांनी तापतो असं धरलं, तर शाफ्ट ०.१३ मिमी वर जातो. मोटरचा शाफ्ट १६० मिमी उंचीवर आहे. ती २५ अंशांनी तापली तर तो जेमतेम ०.०४ मिमी उचलला जातो. म्हणून थंड असतानाच मोटर सुमारे ०.०९ मिमी उंच बसवायची. दोघं तापले की एका रेषेत येतात. पंप चालून गरम झाल्यावर तो थांबवून लगेच पुन्हा तपासलं की हिशेब बरोबर होता का, ते कळतं.

गैरसमज ४ : कपलिंग जितकं मोठं, तितकं सुरक्षित.

वस्तुस्थिती : निवड टॉर्कवर होते. ९५५० ला किलोवॅटने गुणून आरपीएमने भागलं की न्यूटन-मीटरमध्ये टॉर्क मिळतो. आपल्या मोटरचा येतो ९८. रात्रंदिवस चालणाऱ्या पंपासाठी सर्व्हिस फॅक्टर १.५ धरला तर १४७. कॅटलॉगमध्ये त्याच्या लगेच वरचा साइज घ्यायचा आणि त्यात मोटरचा ४२ मिमी शाफ्ट बसतो का ते पाहायचं. कधी कधी हा बोअरच साइज ठरवतो. विनाकारण मोठं कपलिंग शाफ्टच्या टोकावर जास्त वजन टाकतं, शिवाय ते जास्त ताठ असतं. त्यामुळे तेवढ्याच चुकीला बेअरिंगवर जोर वाढतो.

रबरही जागा पाहून निवडायचं. पॉलियुरेथेन जास्त टॉर्क पेलतं, पण उष्ण, दमट जागी खराब होतं. या पंपाशेजारी नायट्राइल बरं. पंप बॅक पुल-आउट जातीचा असेल तर स्पेसर कपलिंग घ्या. मधला तुकडा काढला की मोटर न हलवता पंपाचा फिरता भाग बाहेर येतो, म्हणजे सील बदलताना जुळवलेली रेषा मोडत नाही.

यानंतरही गार्डखाली काळी भुकटी दिसली, तर स्पायडरच्या आधी डायल गेज मागवा.